कोरड्या सीनेत कसलं पाणी वाहतं?



मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे आज थोडा हिशेब मांडणार आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने आपलं शहर सीनेच्या काठी वसवलं. आपला भाग पर्जन्यछायेतला. पाऊस संपला की काही महिन्यांत सीनेचा नैसर्गिक प्रवाह आटतो. तरीही एप्रिलमध्ये पुलावरून खाली पाहिलं, तर काळसर पाणी वाहताना दिसतं. पाऊस नाही, झरे नाहीत, मग हे पाणी कुठून आलं? ते आपल्याच घरांतून आलं. नळाने घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, आणि प्रक्रिया न झालेलं पाणी नाल्यांतून नदीत उतरतं.

नदीला घाण पचवता येते, पण त्यासाठी तिला ऑक्सिजन लागतो. आपल्या हवामानात एक लिटर स्वच्छ पाण्यात सात-आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. मासे नीट जगायला सुमारे पाच हवा. म्हणजे लिटरमागे खर्च करण्याजोगा उरतो फक्त अडीच मिलिग्रॅम. आता घरगुती सांडपाण्यातली घाण जिवाणूंनी खाऊन संपवायला लिटरमागे सुमारे 250 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. वीस लिटरची एक बादली सांडपाणी घेतलं, तर लागले पाच हजार मिलिग्रॅम. ते पुरवायला दोन हजार लिटर स्वच्छ पाणी हवं. एका बादलीला शंभर बादल्या! वाहतं पाणी हवेतून थोडा ऑक्सिजन परत घेतं, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण उन्हाळ्यात त्या शंभर बादल्या सीनेत असतातच कुठे?

आता एक गोष्ट आपल्या घरातली. बकरी ईदला काही ठिकाणी रक्त आणि आतडी ओढ्यात सोडली जातात. रक्ताची ऑक्सिजनची भूक सांडपाण्याच्या कित्येक पट असते, लिटरमागे दीड लाख मिलिग्रॅमच्या आसपास. मघाचाच हिशेब लावा. एक लिटर रक्ताला साठ हजार लिटर स्वच्छ पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. निर्माल्य, लग्नाच्या दावतीतलं उरलेलं अन्न, देगा धुतलेलं तेलकट पाणी, या सगळ्यांना हाच नियम लागू आहे. नदी कुणाचा सण आहे ते विचारत नाही. म्हणून यंदा आपल्या मोहल्ल्यात ईदच्या आठवडाभर आधीच ठरवा, की कचरा नेणारी गाडी कधी येणार, आतडी कशात भरून ठेवायची, आणि रक्तासाठी विहीर-बोअरपासून लांब खड्डा कुठे घ्यायचा. त्या दिवशी सकाळी ठरवायला गेलात, तर उशीर झालेला असेल.

दुसरं काम नदीवर जाऊन करायचं आहे. नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्या उचलून सीना स्वच्छ होणार नाही, कारण खरी घाण पाण्यात विरघळलेली आहे. मार्च-एप्रिलमध्ये दोन पुलांमधला एक टप्पा निवडा. पात्र कोरडं असताना जिथून पाणी येताना दिसेल, ते प्रत्येक तोंड वहीत नोंदवा आणि त्याचा फोटो घ्या. तिथे सकाळी आणि दुपारी, असं दोनदा जा. सकाळी धार मोठी आणि दुपारी बारीक असेल, तर ती बहुधा घरांची. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा रंग दिसला, तर वर एखादं गॅरेज किंवा कारखाना आहे का ते शोधा.

सोबत आपल्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या न्या. हातमोजे घाला, आणि शिक्षक बरोबर असल्याशिवाय जाऊ नका. बाटली हवेचा बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरा. तिच्यात आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कलीयुक्त आयोडाइड घाला आणि बूच लावून हलवा. तपकिरी साका बसला, तर पाण्यात ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला, तर ऑक्सिजन संपलेला आहे. हे काठावरच करावं लागतं. बाटली उघडी ठेवून कॉलेजात आणली, तर वाटेत हवा मिसळते आणि उत्तर चुकतं.

गेल्या उन्हाळ्यात मी काही विद्यार्थ्यांना घेऊन एका नाल्याच्या तोंडाशी गेलो होतो. वरच्या डबक्यातल्या बाटलीत तपकिरी साका आला, खालच्या बाटलीत पांढरा. मध्ये अंतर होतं जेमतेम शंभर पावलांचं. एक मुलगी म्हणाली, "सर, हे तर आमच्याच गल्लीचं पाणी आहे."

अशी यादी, फोटो आणि तारखा घेऊन महानगरपालिकेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. 'नदी घाण आहे' या तक्रारीला उत्तर देणं टाळता येतं. 'या पुलाखालच्या या तोंडातून रोज सांडपाणी पडतं, ते मलवाहिनीला कधी जोडणार?' हा प्रश्न टाळणं अवघड जातं. उत्तर आलं नाही, तर त्या अर्जावर काय कारवाई झाली, त्याच्या कागदपत्रांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागा.

आपलं पाणी शहराबाहेर गेलं म्हणजे संपत नाही. खाली कर्जत तालुक्यात निमगाव गांगर्ड्याला सीनेवर धरण आहे. त्या पाण्यावर कुणाचं तरी शेत आहे, कुणाची तरी जनावरं आहेत. पहिली बाटली कधी भरायची, ते आज वर्गात जाऊन ठरवा. रसायनं मी देतो.