तुणतुण्याची खुंटी आणि रबराचा सूर

आज आपण आवाजाबद्दल बोलणार आहोत. हाताशी एक स्टीलची फूटपट्टी, दोन-तीन रबर आणि एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन बसा. डब्याची कड हाताला लागणारी असेल तर ती ठोकून दुमडून घ्या.

बोलायचं कारण असं की मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत माझी चांगलीच फजिती झाली. मुळशीतल्या आमच्या गावात हप्त्यांचा हिशेब झाला की शेवटचा अर्धा तास मुलांच्या अभ्यासासाठी ठेवतो. पाचवी-सहावीतली मुलं ‘आवाज कसा तयार होतो’ असं विचारतात आणि आया म्हणतात, “बाईंना विचार.” म्हणून त्या दिवशी मी सगळ्यांनाच करून बघायला बसवलं.

सुरुवात पट्टीपासून केली. पट्टी टेबलाच्या कडेवर ठेवायची, २० सेंटिमीटर बाहेर काढायची, आतला भाग तळहाताने अगदी कडेलगत घट्ट दाबायचा आणि बाहेरचं टोक बोटाने खाली ओढून सोडायचं. टोक खालीवर हलताना डोळ्यांना दिसतं, पण आवाज जेमतेम येतो. पट्टी साधारण एक मिलिमीटर जाड असेल तर ती सेकंदाला सुमारे २० वेळा हलते. माणसाच्या कानाला ऐकू यायला सुरुवात होते तीच मुळी तिथून. आता पट्टी आत सरकवा आणि १० सेंटिमीटरच बाहेर ठेवा. हलणं आता दिसत नाही, नुसतं धुरकट दिसतं, पण ‘घुंऽ’ असा स्पष्ट आवाज येतो. लांबी निम्मी झाली तर पट्टी दुप्पट नाही, चौपट वेगाने हलते, म्हणजे सेकंदाला सुमारे ८० वेळा. एका सेकंदात जास्त वेळा हललं की सूर उंच, कमी वेळा हललं की सूर खालचा. अंगणवाडीतल्या बाळाचा आवाज आणि आजोबांचा आवाज यांतला फरकही एवढाच.

इथे दोन चुका होतात. पट्टीतून ‘टर्रर्र’ असा खडखडाट आला तर समजायचं की ती टेबलावर आपटते आहे, हात कडेच्या मागे राहिला आहे. दुसरी चूक म्हणजे जोरात ओढून सोडलं की सूर चढतो असं वाटणं. सूर तोच राहतो, फक्त आवाज मोठा होतो. टोक जास्त लांबवर हलतं, पण तितक्याच वेळा हलतं.

मग रबर घेतलं, आणि फजिती झाली ती इथे. मी ठामपणे सांगितलं, “रबर जितकं ताणाल तितका सूर चढेल.” सगळ्यांनी रबर दोन बोटांत अडकवून छेडायला सुरुवात केली. आमच्यातल्या एक काकू जरा वेळाने म्हणाल्या, “ताई, माझा नाही चढत.” मी म्हटलं, “अजून ताणा, काकू.” त्यांनी ताणलं. “नाही चढत.” बाकीच्या हसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, “काकूंना ऐकायला कमी येतं.” काकू चौथी शिकलेल्या. त्यांनी रबर खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “आम्हाला काय कळतंय यातलं.”

मी घरी आले आणि रात्री रबर घेऊन बसले. ढिलं रबर ताठ होईपर्यंत सूर चढला. पुढे मात्र दुप्पट ताणलं, तिप्पट ताणलं, तरी सूर जवळजवळ तिथेच. काकूंचा कान बरोबर होता. चूक माझी होती. पुस्तकात ताण वाढला की सूर चढतो असं लिहिलेलं असतं, पण त्यात लांबी तेवढीच ठेवायची असते, तेवढं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

बोटांत धरलेलं रबर ताणताना ताण वाढतो आणि रबर पातळही होतं. या दोन्ही गोष्टी सूर वर नेतात. पण त्याच वेळी रबर लांबही होतं, आणि लांब दोरी सावकाश हलते, म्हणजे लांबी सूर खाली ओढते. दोन्हीकडची ओढाताण जवळजवळ सारखीच पडते आणि सूर फारसा हलत नाही.

पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, “काकूंचं बरोबर होतं, माझं चुकलं.” मग डबा काढला. रबर डब्याच्या तोंडावरून आडवं घेऊन तळाखालून अडकवलं. आता तोंडावरचा भाग एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतच आहे, त्याची लांबी वाढूच शकत नाही. बाजूला डब्याला चिकटलेलं रबर बोटाने खाली ओढत वर छेडलं, तर सूर सरसर चढला. ओढूनही चढला नाही तर रबर काठावर अडकलेलं असतं, ते थोडं सरकवून घ्यायचं. रबराच्या बरोबर मध्यावर चिमटीने धरून एक बाजू छेडली की लांबी निम्मी होते आणि हलण्याचा वेग दुप्पट. भजनाला बसणाऱ्या बायकांनी लगेच ओळखलं, हा वरचा सा.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, “हे तर तुणतुणंच झालं.” त्यांचे वडील गोंधळात तुणतुणं वाजवायचे. “खुंटी पिळली की सूर चढतो, पण तार काही लांब होत नाही. खुंटी तिथेच, खालचं चामडंही तिथेच.” मला रात्रभर बसून समजलं ते काकूंनी एका वाक्यात सांगितलं. तुणतुण्यात तार खालच्या चामड्यापासून दांडीवरच्या खुंटीपर्यंत जाते. ते अंतर ठरलेलं असतं, खुंटी फक्त ताण बदलते.

मग मी विचारलं, “काकू, खाली ते भांडं कशाला?” त्या म्हणाल्या, “नुसती तार कुणाला ऐकू येणार?” हेही करून पाहिलं. डब्याच्या तळाला खिळ्याने बारीक भोक पाडून त्यातून नायलॉनचा दोरा ओवला आणि आत काडेपेटीच्या काडीला बांधला. एकीने डबा धरला, दुसरीने दोरा ताणून छेडला. दोरा बारीक असतो, तो हवेला कापून निघून जातो, फारशी हवा ढकलत नाही. पण त्याने तळाचा पत्रा हलवला की तो रुंद पत्रा पुष्कळ हवा ढकलतो. तीच हलणारी हवा आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत येते. छेडल्यावर तळाला बोट लावून पाहा, झिणझिण जाणवते. बोट घट्ट दाबलं की झिणझिण थांबते आणि आवाजही बसतो.

मुलांकडून करून घेताना रबर तोंडाजवळ किंवा डोळ्यांसमोर ताणू देऊ नका, तुटलं तर फटका जोरात बसतो. अशा टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांसाठी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या पुढच्या बैठकीत काकू वडिलांचं तुणतुणं आणणार आहेत. चामडं सैल पडलंय म्हणाल्या. सैल चामड्याने आवाज कसा बदलतो, ते त्याच आम्हाला दाखवणार आहेत. तोवर तुम्ही घरी रबर ताणून बघा, आणि जे ऐकू येईल तेच सांगा.