पू न धरणारी जखम

बोटांत कांटा मोडला, कीं दुसऱ्या दिवशीं ती जागा लाल होते, ठणकूं लागते आणि पुढें तींत पू धरतो. पू पाहून किळस येते खरी. परंतु तो बहुतांशीं जंतूंशीं झुंजतां झुंजतां मेलेल्या पांढऱ्या पेशींचाच ढीग असतो. या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. जंतु शिरल्याची वर्दी पोंचतांच त्या रक्तवाहिनीच्या भिंतींतून बाहेर पडतात, त्या जागीं धांवतात आणि जंतूंना गिळून टाकतात. त्यांचें रक्तांतील आयुष्य मात्र जेमतेम दिवसाभराचें. म्हणून हाडांतील मज्जेला त्या रोज अब्जावधि संख्येनें नव्यानें घडवाव्या लागतात.

कर्करोगावरील औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींना मारतात, आणि मज्जेंतील पेशीही तशाच वाढणाऱ्या असतात. मज्जेंत तयार पेशींचा कांहीं साठा असल्यामुळें पहिले दिवस बरे जातात. पुढें बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास न्यूट्रोफिलांची संख्या तळाला जाते आणि मग पुन्हां वाढूं लागते.

समजा, स्तनाच्या कर्करोगासाठीं एका गृहिणीला शिरेंतून औषध दिल्याला १० दिवस झाले आहेत. सायंकाळीं तिला कणकण वाटते. थर्मामीटरांत १०१ अंश ताप भरतो. खोकला नाहीं, घसा लाल नाहीं, कोठें गळूं नाहीं. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहावी, असें घरच्यांना वाटतें. नेमका येथेंच घात होतो. लाली, सूज, कफ आणि पू हीं चिन्हें उमटण्यास बव्हंशीं न्यूट्रोफिलच कारण असतात. त्याच नसल्या, म्हणजे जंतु फुप्फुसांत असूनही क्ष-किरणांच्या चित्रांत डाग दिसेलच असें नाहीं. तापाचा संकेत मात्र इतर पेशी देऊं शकतात. म्हणून पुष्कळदां ताप हीच एकुलती एक खूण उरते, आणि गोळीनें तीच पुसली जाते.

रुग्णालयांत रक्त तपासल्यावर एका घन मिलिमीटरांत ९०० पांढऱ्या पेशी आढळतात. त्यांपैकीं शेंकडा ४० न्यूट्रोफिल, म्हणजे अवघ्या ३६०. निरोगी माणसांत त्या सामान्यतः १५०० हून अधिक असतात. ५०० च्या खालीं धोका फार वाढतो. रक्तांत जंतु वाढतात कीं काय हें कळण्यास एक-दोन दिवस लागतात. तेवढा अवधि हातीं नसतो. म्हणून तपासणीसाठीं रक्त काढून घेऊन तासाभराच्या आंत शिरेंतून अँटिबायॉटिक सुरू करतात.

हे जंतु पुष्कळदां बाहेरून येतच नाहींत. औषधानें आंतड्याचें अस्तर विरळ होतें आणि तेथें एरव्हीं निरुपद्रवी राहणारे जंतु रक्तांत उतरतात. त्यामुळें घरांतील स्वच्छता आवश्यक असली, तरी तेवढ्यानें निर्धास्त होतां येत नाहीं. अशा रोग्याच्या घरीं थर्मामीटर हाताशीं असावा. ताप एकदां १०१ भरला, किंवा १००.४ अंशांवर तासभर टिकला, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गांठावें; आणि दारांतच सांगावें, कीं औषध घेतल्याला हा दहावा दिवस आहे.