रात्री मांजर धावतं ते कशामागे?
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत एका पशुवैद्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी हा प्रकार पाहिलेला असणारच. रात्री सगळं सामसूम असतं. मांजर एकाएकी कान मागे पाडतं, शेपूट फुगवतं आणि या खोलीतून त्या खोलीत सुसाट सुटतं. पलंगावरून उडी, खुर्चीखालून वळण, दारापाशी घसरण, आणि मिनिटभरात सगळं शांत. मागे तर कुणीच नसतं! मग घरातलं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, ‘त्याला काहीतरी दिसतंय हो.’

दिसण्याचं राहू द्या, त्याला ऐकू मात्र येतं. माणसाचा कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज टिपतो, मांजराचा साठ हजारांच्याही पुढे जातो. उंदराच्या पिल्लांची बारीक चिरचिर आपल्या कानांपलीकडची असते, पण मांजराला ती ऐकू येते. त्यामुळे कोऱ्या भिंतीकडे टक लावून बसलेलं मांजर बहुधा भिंतीआडचं काहीतरी ऐकत असतं.

पण धावण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं आणि संधिप्रकाशात, म्हणजे तिन्हीसांजेला आणि पहाटे, सर्वांत जागं असतं. शिकारही ते लांब पाठलाग करून करत नाही. दबा धरायचा, क्षणभर झेप घ्यायची, पुन्हा विसावा. रानातलं मांजर दिवसभरात अशा कितीतरी झेपा घेतं. घरातल्या मांजराला ताटली आयती मिळते, झेपा मात्र शिल्लक राहतात. त्या रात्री एकदम बाहेर पडतात. काही मांजरं शी करून आल्यावरही अशीच पळतात, तेही बहुधा काळजीचं नसतं.

एक उदाहरण सांगतो. फ्लॅटमधलं कुटुंब, नवरा-बायको दोघं नोकरीवर, दीड वर्षाचा बोका दिवसभर एकटा. पहाटे तीनच्या सुमारास तो झोपलेल्यांच्या अंगावरून पळायचा. वैतागून घरचे उठायचे आणि गप्प बसावा म्हणून वाटीत चार दाणे टाकायचे. इथेच गोम होती. धावलं की खाऊ मिळतो, हे बोका शिकला होता.

तपासणीत बोका ठणठणीत निघाला. मग क्रम बदलला. झोपण्यापूर्वी काठीला पीस बांधून दहा-पंधरा मिनिटं खेळ. पीस तोंडासमोर नाचवायचं नाही, भक्ष्यासारखं दूर पळवायचं, मध्येच थांबवायचं, आणि शेवटी बोक्याला ते पकडू द्यायचं. लगेच रात्रीचं मुख्य जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं आणि झोप, हा मांजराचा मूळचा क्रम आहे. पहिले दोन पूर्ण झाले की पुढचे दोन आपसूक येतात. खेळ संपला की दोरी कपाटात ठेवायची, कारण गिळलेली दोरी आतडं कापू शकते.

आणि पहाटे काहीही झालं तरी उठायचं नाही, ओरडायचंही नाही. पहिले काही दिवस गोंधळ वाढला. नेहमीचा खाऊ मिळेना म्हणून बोका अधिक जोर लावत होता. पुष्कळ घरं इथेच हार मानतात, आणि हट्ट केला की मिळतं हे मांजर पक्कं शिकतं. या घरानं नेट धरला. तीनेक आठवड्यांत पहाटेचा दंगा जवळजवळ थांबला, धावपळ खेळाच्या वेळेवर आली.

आता निरोगी धावणं कसं ओळखायचं? ते एक-दोन मिनिटांत संपतं, मांजर स्वतःहून थांबतं आणि निवांत अंग चाटू लागतं. तीन गोष्टी दिसल्या तर मात्र डॉक्टरांकडे न्या.

एक, धावता धावता थांबून ते कमरेला किंवा शेपटीला कडाडून चावत असेल, तर आधी पिसवा पाहा. केसांतली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवा नसतील तरी तपासणी हवीच.

दोन, दहा वर्षांपुढचं मांजर अचानक रात्री अस्वस्थ फिरू लागलं, मोठ्यानं ओरडू लागलं आणि भरपूर खाऊनही वाळत चाललं, तर थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. त्यावर उपचार आहेत.

तीन, बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेकडे धावतो, कुंथतो आणि लघवी होत नाही. इथे सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

यातलं काही नसेल, तर पांघरूण डोक्यावर घ्या आणि त्याला पळू द्या. त्याच्यामागे कुणी लागलेलं नाही. दिवसभर न मिळालेला उंदीर ते तेवढा धरून येतंय.