श्वापदाचा आकडा : ६६६ की ६१६?



ख्रिस्ती नव्या करारातलं शेवटचं पुस्तक म्हणजे ‘प्रकटीकरण’. त्याच्या तेराव्या अध्यायात लेखक योहान एका श्वापदाचं वर्णन करतो आणि शेवटी वाचकाला कोडं घालतो : ज्याला बुद्धी आहे त्याने या श्वापदाचा आकडा मोजावा, कारण तो एका माणसाचा आकडा आहे. हा आकडा ६६६ हे चित्रपटांमुळे बायबल न वाचलेल्यांनाही ठाऊक असतं. काही जुन्या हस्तलिखितांत मात्र तो ६१६ आहे.

इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस नावाचं एक प्राचीन नगर होतं. तिथल्या उकिरड्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पपायरसचे असंख्य तुकडे निघाले. त्यांपैकी प्रकटीकरणाचे २६ लहानमोठे तुकडे १९९९ साली प्रसिद्ध झाले. अभ्यासक त्यांना ‘पपायरस ११५’ म्हणतात. काळ साधारण इसवी सनाचं तिसरं शतक किंवा चौथ्याचा आरंभ. त्यातल्या एका तुकड्यावर तीन ग्रीक अक्षरं आहेत : खी, आयोटा, स्टिग्मा. ग्रीकांकडे अंकांसाठी वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरांनाच किंमत असे. इथे ती ६००, १० आणि ६. म्हणजे ६१६.

तरी लगेच ‘मूळ आकडा सापडला’ असं म्हणू नये. डब्लिनमध्ये ‘पपायरस ४७’ आहे, तोही तिसऱ्या शतकातला, आणि त्यात ६६६ आहे. शिवाय हस्तलिखिताचं वय आणि त्यातल्या पाठाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा घोळ तर या दोन्ही पपायरसांहून जुना. इसवी सन १८०च्या सुमारास लियाँचा बिशप इरेनेयस लिहितो, की काही प्रतींत ६१६ आढळतं, पण चांगल्या आणि जुन्या प्रतींत ६६६ आहे. त्याच्या मते चूक नकलनवीसाची. साठची किंमत असलेल्या ‘क्सी’ या अक्षराच्या जागी दहाची किंमत असलेला ‘आयोटा’ आला.

हे स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. आयोटा ही नुसती उभी रेघ आणि क्सी चांगलं वळणदार अक्षर. एकाच्या जागी दुसरं वाचलं जाणं सोपं नाही. आणि हात घसरला असता तर चुकीतून निघणारा आकडा कोणताही चालला असता. ६१६ मात्र अर्थपूर्ण आहे.

तो कसा, ते पाहू. हिब्रूतही अक्षरांना किंमत असते. रोमन सम्राट नीरोचं ग्रीक नाव ‘नेरोन काइसार’. ते हिब्रूत लिहिताना व्यंजनंच प्रामुख्याने घेतली जातात. नून ५०, रेश २००, वाव ६, पुन्हा नून ५० : बेरीज ३०६. पुढे कोफ १००, सामेख ६०, रेश २०० : बेरीज ३६०. एकूण ६६६. मृत समुद्राजवळच्या वादी मुराब्बात इथे नीरोच्याच कारकिर्दीतला एक दस्तऐवज सापडला, त्यात त्याचं नाव याच अक्षरांत आहे. त्यामुळे हे वर्णलेखन गणित जुळवण्यासाठी रचलेलं नाही. आता लॅटिनमध्ये हाच माणूस ‘नेरो’ आहे, अखेरचा ‘न’ नाही. तो नून काढला की पन्नास वजा होतात आणि उरतात ६१६.

दोन पाठांतला फरक नेमका एका अक्षराएवढा निघावा, हा योगायोग मला पटत नाही. माझा कल असा, की मूळ ६६६ असावं आणि लॅटिन नावाची सवय असलेल्या एखाद्या जाणत्याने ते मुद्दाम बदललं असावं.

अशी कोडी त्या काळी सर्रास चालत. पॉम्पेईच्या भिंतीवर कुणीतरी आपल्या प्रेयसीचं नाव न लिहिता तिचा आकडा ५४५ एवढाच लिहिला आहे. नावावरून आकडा काढणं सोपं. आकड्यावरून नाव शोधायचं तर शेकडो नावं बसतात. ‘गाइओस काइसार’, म्हणजे सम्राट कॅलिग्युला, याच्या नावाची बेरीज सरळ ग्रीकमध्येच ६१६ होते. तिथे हिब्रूचा वळसाही लागत नाही, म्हणून काही अभ्यासक ६१६चा उगम तिथे शोधतात.

नीरोच्या बाजूने उभं राहणाऱ्याला सर्वांत जास्त अडवतो तो मात्र इरेनेयसच. योहानाला समोरासमोर पाहिलेल्यांची साक्ष तो देतो, ६६६साठी एवान्थास, लातेइनोस आणि तेइतान अशी तीन ग्रीक नावं सुचवतो, त्यांतलं तेइतान त्याला अधिक संभवनीय वाटतं. आणि नाव सांगणं आवश्यक असतं तर योहानानेच सांगितलं असतं, असं म्हणून तो थांबतो. नीरोचा उल्लेख त्याच्या यादीत नाही. प्रकटीकरण बहुधा इसवी सन ९५च्या आसपासचं, म्हणजे मध्ये पुरतं शतकही गेलेलं नव्हतं.