ब्रेक तेच, गुन्हा वेगळा

दोन ट्रकचालकांनी ब्रेक तपासायचा कंटाळा केला आणि दोघेही तसेच रस्त्यावर आले. एकाच्या वाटेत कोणी आलं नाही. दुसऱ्यासमोर अचानक एक मूल धावत आलं, ब्रेक वेळेवर लागला नाही आणि ते मूल दगावलं. निष्काळजीपणा दोघांचा सारखाच, पण पहिला घरी जाऊन जेवला आणि दुसरा कोठडीत गेला.

तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी अशाच ट्रकचालकाचं उदाहरण घेतलं होतं. १९७६ मध्ये त्यांनी आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी या पेचावर निबंध लिहिले आणि त्याला ‘नैतिक दैव’ हे नाव रूढ झालं. जे आपल्या हाती नाही, त्याचा दोष आपल्याला लागत नाही, असं आपण मानतो. मग रस्त्यावर मूल येणं कुठे चालकाच्या हाती होतं?

आपला कायदाही परिणाम पाहतो. भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे गाडी चालवल्यास कलम २८१ नुसार कमाल सहा महिने कैद आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला, तर कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत.

गेलेल्या जिवाची भरपाई मागितलीच पाहिजे, म्हणून दुसऱ्याला शिक्षा जास्त हे मला पटतं. पण तो माणूस म्हणून पहिल्यापेक्षा वाईट ठरत नाही. सुखरूप घरी पोहोचलेला चालकही तितकाच दोषी आहे.