अंग आंबलंय, की दारूनं ताकद गेलीय?

मागच्या सुगीनंतर आमच्या गटातली एक ताई बैठकीत म्हणाली, "मालकांचं अंग आंबलंय. सोयाबीन काढल्यापासनं धड उठता येत नाही त्यांना." आम्ही विचारलं, सोयाबीन कधी काढलं? ती म्हणाली, दीड महिना झाला. तिथंच आम्हाला शंका आली.

बऱ्याच दिवसांनी विळा धरला की आपलंही अंग आंबतं. पण ते कसं? दुसऱ्या दिवशी दुखायला लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकतं आणि आठवड्याभरात मोकळं होतं. ज्या अंगानं काम केलं तेच दुखतं. आणि दुखलं तरी ताकद पार जात नाही; कण्हत का होईना, आपण हंडा उचलतोच.

दाजींचं तसं नव्हतं. पंधरा वर्षं रोजची दारू. दुखणं फारसं नव्हतंच, ताकदच गेली होती. उकिडवं बसलं की गुडघ्यावर हात रोवल्याशिवाय उठता येईना. पायरी चढताना भिंत धरायची. पोतं खांद्यावर जाईना. मांड्या बारीक झालेल्या, आणि रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. ताईनं तेल चोळलं, मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. उपयोग शून्य.

डॉक्टरांनी सांगितलं, हा दारूनं होणारा स्नायूंचा आजार आहे. स्नायू रोज थोडा झिजतो आणि शरीर तो रोज भरून काढतं. दारू हे भरून काढण्याचं काम मंद करते. म्हणून स्नायू हळूहळू, वर्षानुवर्षं बारीक होतात. आधी कंबर, मांड्या आणि खांदे यांच्याजवळचे मोठे स्नायू कमजोर होतात, दोन्ही बाजूंचे. पोटभर जेवणाऱ्यालाही हे होतं. जेवण नीट नसेल तर आणखी बिघडतं. दारूनं शरीरातलं मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही कमी होतं, त्यानं गोळे येतात. तळपायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर नसांनाही इजा झालेली असू शकते. तेही डॉक्टरांना सांगायचं.

घरी ओळखायचं कसं? माणसाला खुर्चीवर बसवा, हात छातीशी बांधायला सांगा आणि हात न टेकता उठायला सांगा. पडू नये म्हणून शेजारी उभ्या राहा. मग डोक्यावरच्या फळीवरचा डबा काढायला सांगा. हे जमत नसेल आणि दोन आठवड्यांत फरक नसेल, तर ते अंग आंबणं नाही. थायरॉइडनं किंवा दुसऱ्या आजारानंही असं होतं, म्हणून तपासणी हवीच. दाजींची सीपीके नावाची रक्ताची तपासणी चांगली आली, तेव्हा ताईला वाटलं, काही नाही. पण हळूहळू वाढणाऱ्या या आजारात ती पुष्कळदा चांगलीच येते. म्हणून डॉक्टरांना रिपोर्टाबरोबर उठता-बसता काय होतं तेही सांगा.

आता धोक्याची गोष्ट. सणावाराला किंवा लग्नात एक-दोन दिवस भरमसाट पिणं झालं, आणि त्यानंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या सुजल्या, हात लावू देईना, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर शेकत-चोळत बसू नका. दुखण्याची गोळी देऊ नका. फुटलेल्या स्नायूंचा भाग रक्तातून मूत्रपिंडात जातो आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा.

यावर औषध एकच, दारू सोडणं. पण रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं, झटके येणं असं होऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं. दाजींची दारू सरकारी दवाखान्यात दाखल करून, औषधं देऊन सोडवली. नंतर डाळ, अंडी, शेंगदाणे रोजच्या जेवणात आले, आणि खुर्चीवरून उठण्याचा सराव सुरू झाला. सुरुवातीला हात टेकून, मग न टेकता. तिसऱ्या महिन्यात ते भिंत न धरता पायरी चढले. आठव्या महिन्यात अर्धं पोतं उचललं. पूर्वीइतकी ताकद अजून नाही, सगळ्यांचीच येते असंही नाही. पण दारू थांबली की बहुतेकांचे स्नायू काही महिन्यांत भरायला लागतात.

ताई परवा म्हणाली, "मी दीड महिना तेलच चोळत बसले गं." मैत्रिणींनो, तुम्ही तेल चोळाल तेव्हा आधी दिवस मोजा, आणि खुर्चीवरून उठवून बघा.