सौम्य म्हणजे विरल नव्हे

भाट्याच्या पुळणीवरचा शिंपला घेऊ. शिंपला म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लात टाकला की बुडबुडे येतात. एका पेल्यात 100 मिलिलिटर व्हिनेगर आहे, त्यात चार टक्के ॲसेटिक आम्ल. दुसऱ्यात तेवढंच, पण खूप पाणी घातलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन्हींचा पीएच सुमारे अडीच. मग दोन्ही सारखीच, असं कुणी म्हणेल. शिंपल्याचा चुरा टाकून पाहा. हायड्रोक्लोरिकचा पेला ग्रॅमचा जेमतेम पन्नासावा भाग विरघळवून थंडावतो. व्हिनेगर मात्र सावकाश का होईना, तीन ग्रॅमच्या आसपास चुरा पचवतं.

कारण पीएच फक्त सुटे झालेले हायड्रोजन आयन मोजतो. हायड्रोक्लोरिक तीव्र आम्ल, त्याचे जवळपास सगळे रेणू पाण्यात फुटतात. ॲसेटिकचे हजारातले पाचेक फुटतात, बाकीचे राखीव. सुटे आयन खर्ची पडले की राखीव रेणू फुटत जातात. तीव्र की सौम्य हा रेणूचा स्वभाव. संहत की विरल हे पाण्यातलं प्रमाण. बोलण्यात आपण पाणी घातलेल्यालाही ‘सौम्य’ म्हणतो, घोळ तिथेच होतो.

पण पाणी घालून तीव्र आम्ल सौम्य होणार नाही का? नाही, रेणू तसेच पूर्ण फुटतात. उलट व्हिनेगर शंभरपट विरल केलं तर शेकडा पाचेक रेणू फुटतात, तरी ते सौम्यच. आणि जवळजवळ शुद्ध ॲसेटिक आम्ल सौम्य असूनही कातडी भाजतं.